फ्रीज दिवसभर चालतो, थंड मात्र करत नाही : गॅस भरण्याआधी काय तपासायचं

मे महिन्यात दुकानाचा फोन वाजला की समोरच्या दहा माणसांपैकी सात जण तक्रार सांगत नाहीत, थेट उपायच सांगतात. "दादा, फ्रीजमध्ये गॅस भरायचाय." मी पनवेलमध्ये फ्रीज दुरुस्तीचं काम करतो. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशनचा ट्रेड केला आणि तेव्हापासून हेच काम. अशा फोनवर मी एकच उलटा प्रश्न विचारतो. गॅस कमी आहे हे कोणी ठरवलं आणि कशावरून?

फ्रीज बंदच होत नाही आणि तरी दूध संध्याकाळपर्यंत टिकत नाही, याची तीन कारणं मला सर्वांत जास्त दिसतात. मागची जाळी धुळीने भरलेली असते, दाराचं रबर नीट चिकटत नसतं किंवा गॅस खरोखर कमी झालेला असतो. तिन्हींमध्ये घरच्यांना दिसणारं लक्षण एकच. कॉम्प्रेसर घरघरत राहतो आणि आतलं पाणी कोमट. पण मेकॅनिकच्या हाताला ही तीन कारणं अगदी वेगवेगळी लागतात. तो फरक एकदा कळला की घरीही निम्मी तपासणी होऊ शकते.

आधी दोन गोष्टी बाजूला काढतो. तुमचा फ्रीज इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा असेल तर तो कमी वेगाने बराच वेळ चालणारच, त्याची रचनाच तशी आहे. आत थंडावा नीट असेल तर त्यात बिघाड काही नाही. दुसरं म्हणजे फ्रीज सतत चालतो आणि आत भाजी गोठते, दह्यावर बर्फाचा पापुद्रा येतो, अशी तक्रार असेल तर आधी थर्मोस्टॅट बघायला हवा. तो कट होत नसतो. हा लेख सतत चालूनही थंड न करणाऱ्या फ्रीजबद्दल आहे आणि त्यातही घरोघरी असणाऱ्या सिंगल डोअर, हाताने बर्फ वितळवायच्या फ्रीजबद्दल.

दोन उन्हाळे गॅस भरलेला फ्रीज

गेल्या उन्हाळ्यात एका काकूंचा फोन आला. त्या घरून पोळी-भाजीचे डबे देतात. फ्रीज १९० लिटरचा सिंगल डोअर, साधारण दहा वर्षं जुना, आर १३४ए गॅसचा. त्याआधीच्या मेमध्ये एका मेकॅनिकने गॅस भरला, त्याच्याही आदल्या मेमध्ये भरला होता. दोन्ही वेळा फ्रीज छान चालू झाला आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच रडगाणं. "दर वर्षी गॅस संपतो हो, पेट्रोलसारखा," त्या म्हणाल्या.

गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. फ्रीजची सगळी नळी झाळून बंद केलेली असते. आतला गॅस कॉम्प्रेसरमधून जाळीत, जाळीतून कॅपिलरी नावाच्या बारीक नळीतून फ्रीझरमध्ये आणि तिथून परत कॉम्प्रेसरमध्ये असा फिरत राहतो. तो कमी झाला याचा अर्थ कुठेतरी भोक आहे. आणि भोक न बुजवता भरलेला गॅस बरोबर एक वर्ष पुरून मे महिन्यातच संपावा, हे मला पटेना. गळतीला कॅलेंडर कळत नाही.

मी त्यांना सांगितलं की रात्री झोपताना मधल्या फळीवर पाण्याचा ग्लास ठेवा, मी सकाळी येतो. आतली हवा दार उघडलं की लगेच गरम होते, त्यामुळे हवेचं तापमान मोजून काही कळत नाही. रात्रभर ठेवलेलं पाणी खरं बोलतं. सकाळी दार उघडल्या उघडल्या ग्लासात थर्मामीटर बुडवला तर १३ अंश. चांगल्या फ्रीजमध्ये तो ५ च्या आत असायला हवा. स्वयंपाकघर तेव्हा ३४ अंशांवर होतं.

हात फिरवून काय कळतं

फ्रीज लाकडी फर्निचरच्या कप्प्यात बसवलेला होता. दोन्ही बाजूंना बोटभर जागा, मागे प्लायवूड, वर लॉफ्ट. दोघांनी मिळून तो पुढे ओढला. मागच्या काळ्या जाळीवर तेलकट धुळीचा असा थर होता की तारा दिसतच नव्हत्या. रोज शेगडीवर फोडण्या पडणाऱ्या घरात धूळ कोरडी राहत नाही. तेलाची वाफ तिला चिकटवून ठेवते आणि तिची गोधडी होते.

पण जाळी घाण दिसली म्हणून लगेच निकाल द्यायचा नाही. घाण जाळी आणि कमी गॅस हे दोन्ही एकाच फ्रीजमध्ये असू शकतात. म्हणून फ्रीज चालू असतानाच मी जाळीवरून वरपासून खालपर्यंत हात फिरवतो.

निरोगी फ्रीजमध्ये जाळीच्या वरच्या नळ्या चांगल्या गरम लागतात आणि खाली येता येता ऊब कमी होत जाते. सर्वांत शेवटी, कॉम्प्रेसरच्या बाजूला, तांब्याची पेन्सिलएवढी एक कुपी असते. तिला आम्ही ड्रायर म्हणतो. तो खोलीपेक्षा थोडासा कोमट लागला पाहिजे. जाळी घाण असेल किंवा मागे हवा खेळत नसेल तर उष्णता बाहेर पडत नाही. मग वरपासून खालपर्यंत सगळ्या नळ्या सारख्याच तापलेल्या असतात आणि ड्रायरही गरम लागतो. गॅस कमी असेल तर उलट. वरच्या एक-दोन नळ्या कोमट, बाकी जाळी खोलीच्याच तापमानाची आणि ड्रायर हाताला काहीच सांगत नाही. कॉम्प्रेसर फिरतोय, पण त्याने उष्णता आणायला आत पुरेसा गॅसच नाही.

हीच माझी पहिली चाचणी, आणि तिला एक पैसा लागत नाही. फक्त कॉम्प्रेसरच्या गरमपणावर जाऊ नका. बरेच जण कॉम्प्रेसरला हात लावून "तापलाय, म्हणजे गेला" म्हणतात. कॉम्प्रेसर या तिन्ही कारणांत तापतो. घाण जाळीत त्याच्यावर भार जास्त असतो म्हणून तापतो. गॅस कमी असताना त्याला थंड ठेवणारा परतीचा गार गॅसच कमी येतो म्हणून तापतो. तेव्हा निदान करायचं ते जाळी आणि ड्रायरवरून. (हात लावताना भाजणार नाही याची काळजी घ्या, आणि कॉम्प्रेसरच्या बाजूच्या रिलेच्या डबीला फ्रीज चालू असताना अजिबात हात लावू नका.)

काकूंच्या फ्रीजची जाळी खालपर्यंत तापलेली होती. ड्रायर मी तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त धरू शकलो नाही. गॅस कमी असलेला फ्रीज असा वागत नाही.

मग क्लॅम्प मीटर लावला. हा मीटर आख्ख्या वायरभोवती लावला तर शून्य दाखवतो, कारण जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात. म्हणून मी हातभर लांबीची एक एक्स्टेंशन वायर जवळ ठेवली आहे. तिचं वरचं आवरण काढून आतल्या तारा सुट्या केल्या आहेत, त्यातल्या एकीभोवतीच मीटर लागतो. या आकाराच्या आर १३४ए फ्रीजमध्ये मला स्थिर चालू असताना साधारण ०.८ ॲम्पिअरच्या आसपास आकडा दिसतो. इथे १.० होता. फरक लहान वाटेल, पण दिशा महत्त्वाची आहे. जाळीतली उष्णता अडकली की दाब वाढतो, कॉम्प्रेसरला जास्त जोर लावावा लागतो आणि करंट वर जातो. गॅस कमी असेल तर ढकलायलाच काही नसतं, त्यामुळे करंट नेहमीपेक्षा खाली येतो. अशा फ्रीजमध्ये मी ०.५ पर्यंत उतरलेला पाहिला आहे. एकाच तक्रारीत एक कारण काटा वर नेतं आणि दुसरं खाली. हात आणि मीटर दोघांनी एकच सांगितलं की मला खात्री वाटते.

बर्फ कुठे धरतो

तिसरी चाचणी मला सर्वांत भरवशाची वाटते, पण तिला वेळ लागतो. म्हणूनच घाईतला मेकॅनिक ती करत नाही.

सिंगल डोअर फ्रीजचा फ्रीझर म्हणजे ॲल्युमिनियमचा डबा. दोन पत्रे एकमेकांना चिकटवून त्यांच्यामध्ये गॅससाठी वाटा सोडलेल्या असतात. कॅपिलरीतून गॅस एका टोकाला शिरतो, सगळ्या पत्र्यातून वळसे घेतो आणि दुसऱ्या टोकाने रिटर्न लाइनमध्ये, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परत नेणाऱ्या नळीत, जातो. गॅस पुरेसा असेल तर शेवटच्या वळशापर्यंत उकळायला द्रवरूप गॅस उरतो, म्हणून सगळा डबा सारखा पांढरा होतो. गॅस कमी असेल तर तो पहिल्या काही वळशांतच संपतो. मग कॅपिलरी जिथे शिरते तिथे चार बोटं बर्फ धरतो, कधी तर तिथे खूप कडक बर्फ असतो, आणि त्यापुढचा पत्रा कोरडा किंवा नुसता ओलसर. थर्मोस्टॅटची कुपी बहुतेक फ्रीजमध्ये या डब्यालाच क्लिपने धरलेली असते. ती कोरड्या भागावर असेल तर तिला थंडी कधी पोचतच नाही आणि फ्रीज कधी कट होत नाही. गॅस कमी असलेला फ्रीज चोवीस तास का चालतो, याचं उत्तर यात आहे.

यात एक फसगत आहे. जुना बर्फ बघून हे ठरवता येत नाही, कारण तो महिनाभरापूर्वी, गॅस पुरेसा असतानाही साठलेला असू शकतो. काकूंच्या फ्रीझरमध्ये तर दाराच्या बाजूला जवळपास इंचभर बर्फ होता. म्हणून फ्रीज बंद केला, सामान शेजारच्यांकडे ठेवलं आणि दार उघडं टाकून सगळा बर्फ वितळू दिला. पंखा समोर लावल्यावर दोन तास लागले. सुरीने बर्फ खरवडायचा नाही, त्याचं कारण पुढे येतंच. मग डबा कोरडा पुसून रिकामा फ्रीज पुन्हा चालू केला. जाळी अजून मुद्दामच साफ केली नव्हती. एका वेळी एकच गोष्ट बदलली तर कशाने किती फरक पडला ते कळतं.

पाऊण तासाने बघितलं तेव्हा डब्यावर पातळ पांढरं दव धरलं होतं. चारही बाजूंना, थेट रिटर्न लाइनच्या टोकापर्यंत. थर पातळ होता, बोट फिरवलं की पुसला जात होता, पण अपुरा नव्हता. म्हणजे गॅस पूर्ण होता. जास्तही झाला नव्हता. तसा झाला असता तर रिटर्न लाइन फ्रीजच्या बाहेर, कॉम्प्रेसरजवळ, घामेजलेली किंवा बर्फाळलेली दिसली असती. ती कोरडी होती.

"मग दोन वेळा गॅस भरल्यावर फ्रीज चालला कसा?" काकूंनी विचारलं. प्रश्न अगदी योग्य होता. मी उलट विचारलं, त्या वेळी नेमकं काय काय झालं होतं? त्या आठवून सांगू लागल्या. फ्रीज कप्प्यातून बाहेर काढला होता. गॅस भरायचा म्हणून एक दिवस बंद होता, आतला सगळा बर्फ वितळला होता. काम झाल्यावर तीन-चार दिवस तो हॉलमध्येच मोकळा ठेवून बघितला होता. आणि त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत पाऊस सुरू झाला. जाळीला मोकळी हवा, डब्यावरचा जाड बर्फ गेला आणि खोलीचं तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं. एवढ्यावर तो फ्रीज गॅस न भरताही चालला असता. त्या मेकॅनिकने फसवलं असं मी म्हणत नाही. त्यालाही आपल्याच कामाने फरक पडला असं मनापासून वाटलं असेल. पण गॅस भरल्यावर फ्रीज चालला एवढ्यावरून गॅस कमी होता हे सिद्ध होत नाही.

जाळी साफ केली, तरी आठच अंश

प्लग काढून जाळी साफ केली. रंग द्यायचा रुंद मऊ ब्रश नळ्यांच्या दिशेने वरून खाली फिरवायचा. कोरडी धूळ निघाली की साबणाच्या कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने तेलाचा थर पुसायचा. तारेचा ब्रश वापरायचा नाही आणि खालच्या बारीक कॅपिलरीला धक्का लागू द्यायचा नाही. ती वाकून दबली तर न झालेला बिघाड तयार होतो. पाणी रिलेवर जाता कामा नये. सगळं पूर्ण सुकल्यावरच प्लग लावायचा.

कप्प्याच्या मागचं प्लायवूड सुताराकडून काढून घ्यायला सांगितलं आणि तोवर फ्रीज भिंतीपासून चांगला वीतभर पुढे ठेवला. तासाभराने ड्रायर पुन्हा कोमटावर आला आणि करंट ०.८ च्या थोडा वर स्थिरावला. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी फोनवर आकडा सांगितला, ग्लासात ८ अंश. तेरावरून आठ. पण आठ म्हणजे अजून काम बाकी आहे, आणि कॉम्प्रेसर अजूनही क्वचितच बंद होत होता.

ज्यांच्या फ्रीजला मागे जाळी दिसतच नाही त्यांच्यासाठी एक सांगतो. अलीकडच्या बऱ्याच फ्रीजमध्ये ती बाजूच्या पत्र्याच्या आत असते. फ्रीजच्या बाजू गरम लागतात त्या त्यामुळेच, ते बिघाडाचं लक्षण नव्हे. तिथे साफ करण्यासारखं काही नाही, पण दोन्ही बाजूंना हवा लागतेच. अशा फ्रीजच्या बाजूंना कपाट किंवा पिंप टेकवून ठेवलं तर परिणाम घाण जाळीसारखाच होतो.

रबर कुठून सुटतं

दुसऱ्या फेरीला मी दाराकडे वळलो. संशयाला कारण पहिल्या दिवशीच होतं. फ्रीझरमधला इंचभर बर्फ दाराच्या बाजूला होता. गॅस कमी असलेल्या फ्रीजमध्ये एवढा बर्फ साठत नाही. आणि घाण जाळी बाहेरची वाफ आत आणत नाही. एवढं पाणी येतं बाहेरच्या हवेतूनच. ती आत शिरण्याची वाट एकच असते, दार. दार वारंवार उघडलं जातं म्हणूनही बर्फ वाढतो, डब्यांच्या कामात ते होतंच. पण आत फळ्यांच्या मागच्या भिंतीवर पाण्याचे थेंब, खालच्या भाजीच्या ट्रेत साचलेलं पाणी आणि दाराच्या एका कोपऱ्याला बाहेरून येणारा घाम, हे सगळं एकत्र दिसलं तर रबर तपासायलाच हवं.

चाचणी साधी आहे. दहा रुपयांची नोट अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवून दार लावायचं आणि नोट हळू ओढायची. रबराच्या आत चुंबकाची पट्टी असते, ती चांगली चिकटत असेल तर नोट अडखळत निघते. अलगद निघाली किंवा खाली पडली तर तिथे फट आहे. हे एका जागी करून थांबायचं नाही, दाराच्या चारही बाजूंना वीत-वीत अंतरावर करायचं. आणि बिजागरीची बाजू विसरायची नाही. सगळे जण हँडलच्या बाजूला बघतात. रबर बऱ्याचदा बिजागरीच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात दुमडून सुटलेलं असतं. रात्री दिवे घालवून मोबाईलचा टॉर्च चालू करून आत ठेवला आणि दार लावलं, तर फट कुठे आहे ते उजेडाच्या रेषेवरून दिसतं.

काकूंच्या दारात नेमकं तसंच निघालं. वरच्या आणि हँडलच्या बाजूला नोट घट्ट, खाली बिजागरीजवळ सुमारे सहा इंच ती नुसती लोंबत होती. दाराच्या कप्प्यांत पाण्याच्या मोठ्या बाटल्या आणि तेलाचा कॅन होता. त्या वजनाने दार किंचित ओघळलं होतं आणि रबर खालच्या कडेला घासून आत दुमडलं होतं. घड्यांमध्ये पिठाचा आणि तेलाचा चिकटा होता.

रबर फाटलेलं किंवा लाकडासारखं कडक झालं असेल तर बदलण्याला पर्याय नाही, आणि नवं त्याच मॉडेलचं हवं. इथे ते मऊ होतं, फक्त आकार विसरलं होतं. घड्या साबणाच्या पाण्याने धुतल्या, कोरड्या केल्या. वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल करून दार उचलून सरळ केलं आणि पुन्हा आवळलं. मग हेअर ड्रायरने दुमडलेला भाग, एका जागी न थांबता, हाताला सोसेल इतका गरम केला. रबर बोटांनी बाहेर ओढून त्याच्या मागे कागदाची घडी सरकवली आणि दार रात्रभर बंद ठेवलं. सकाळी कागद काढल्यावर रबर तसंच उभं राहिलं आणि नोट तिथेही अडखळू लागली. बाटल्या दारातून खालच्या फळीवर गेल्या.

दोन दिवसांनी ग्लासात ४ अंश होते. कॉम्प्रेसर वीस-पंचवीस मिनिटं चालून पंधरा मिनिटं बंद राहू लागला. गॅसच्या नळीला मी हातही लावला नव्हता.

आणि गॅस खरंच कमी असतो तेव्हा

घरच्या फ्रीजला गॅसचा दाब मोजायचं तोंडच नसतं, हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं. कॉम्प्रेसरला चार्जिंग लाइनचं बंद केलेलं एक टोक असतं. गेज लावायचं तर ते कापावं लागतं किंवा नळीला भोक पाडणारा व्हॉल्व्ह बसवावा लागतो. नुसतं बघायचं म्हणून गेज लावलं तरी बंद यंत्रणा उघडली जाते, थोडा गॅस जातो, ओलावा शिरायची वाट होते. म्हणून जाळी, रबर, करंट आणि बर्फ हे सगळं बघून झाल्यावरच नळी कापायची. जो मेकॅनिक आल्या आल्या नळी कापतो त्याला थांबवा.

त्याच महिन्यात दुसऱ्या एका घरी सगळी लक्षणं उलटी होती. जाळी स्वच्छ, रबर घट्ट. ड्रायर खोलीइतकाच थंड, करंट ०.५. बर्फ वितळवून पुन्हा चालू केल्यावर दीड तासाने फ्रीझरच्या एका कोपऱ्यात तळव्याएवढा पांढरा डाग आणि बाकी पत्रा कोरडा. विचारल्यावर कळलं, आठवड्यापूर्वी बर्फात अडकलेला ट्रे काढायला कोणीतरी सुरीने खरवडलं होतं. टॉर्च तिरपा धरून पत्रा पाहिला तेव्हा टाचणीएवढं भोक आणि त्याभोवती तेलाचा चिकट ठिपका दिसला. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं थोडं तेल फिरत असतं. त्यामुळे गळतीच्या जागी बहुधा तेल दिसतं आणि तेलावर धूळ बसते. मी गळती शोधताना आधी तेल शोधतो, साबणाचा फेस नंतर. भोक दिसत नसेल तर यंत्रणेत नायट्रोजन भरून, मग सांध्यांवर फेस लावून बुडबुडे बघावे लागतात. तांबं आणि ॲल्युमिनियम जिथे जोडलेलं असतं ती रिटर्न लाइनची जागा मी कधीच सोडत नाही.

त्या घरी काम असं झालं. भोक विशेष इपॉक्सीने बुजवून पूर्ण वाळू दिलं, नायट्रोजनने दाब देऊन टिकतोय का पाहिलं, ड्रायर नवा घातला, व्हॅक्यूम पंप पाऊण तास चालवला आणि बंद करून काटा वर सरकत नाही ना ते बघितलं. त्यानंतर फ्रीजच्या प्लेटवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस डिजिटल काट्यावर मोजून भरला. ड्रायर न बदलणं आणि पंप न लावता फ्रीजच्याच कॉम्प्रेसरने हवा काढणं ही सर्रास होणारी काटकसर आहे. आत राहिलेला ओलावा कॅपिलरीच्या तोंडाशी गोठतो आणि नळी चोक होते. त्याची खूण अशी की फ्रीज बंद करून बर्फ वितळू दिला की काही तास छान चालतो आणि पुन्हा थंडी गायब. चोकही ड्रायर थंड आणि करंट कमी दाखवतो, त्यामुळे तो कमी गॅससारखाच वाटतो. हा "काही तास चालून पुन्हा तेच" धागा घरच्यांनी सांगितला तर मेकॅनिकचं बरंच काम सोपं होतं. थकलेला कॉम्प्रेसरही असाच फसवतो. जाळी कोमट, करंट कमी. तो मात्र बाहेरून खात्रीने ओळखता येत नाही. गॅस वजनाने बरोबर भरूनही दाब बनत नाही तेव्हाच कळतो. म्हणून गॅसच्या कामाआधी ही शक्यता ग्राहकाला सांगून ठेवतो.

नव्या फ्रीजमध्ये बहुतेक आर ६००ए गॅस असतो, कॉम्प्रेसरवर ज्वालेचं चिन्ह असलेला पिवळा त्रिकोण दिसेल. हा गॅस पेट घेतो. त्यात गॅस असताना नळीवर ज्योत लावणं म्हणजे अपघाताला बोलावणं, त्यामुळे ते काम त्याचं शिक्षण घेतलेल्या माणसाकडूनच करून घ्या. तपासणीतही दोन फरक आहेत. हा फ्रीज चालू असताना परतीच्या बाजूचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असणं हे नेहमीचंच आहे. जुन्या सवयीचा मेकॅनिक गेजचा काटा शून्याखाली बघून "गॅस नाही" म्हणतो आणि भरत सुटतो. जास्त गॅसने रिटर्न लाइन बाहेर बर्फाळते आणि फ्रीज आणखीच वाईट चालतो. दुसरं म्हणजे त्या बाजूला भोक असेल तर चालू फ्रीजमध्ये गॅस बाहेर येण्याऐवजी हवा आत खेचली जाते. फेस लावून बुडबुडा येणार नाही. फ्रीज बंद करून दोन्ही बाजूंचा दाब सारखा झाल्यावरच फेस लावायचा.

फ्रॉस्ट फ्री फ्रीजमध्ये थंड कॉइल पॅनलच्या मागे लपलेली असते. तिथे बर्फाचा नकाशा बघायचा तर पॅनल उघडावं लागतं. त्यात वर थंड आणि खाली कोमट ही तक्रार बऱ्याचदा बर्फ वितळवणाऱ्या हीटरची किंवा पंख्याची असते. त्याची तपासणी वेगळी आहे. ड्रायर आणि करंटच्या चाचण्या मात्र तिथेही तशाच लागू पडतात.

काकूंचा फोन या मेमध्येही आला. मी आकडा विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, "ग्लास ठेवला होता, पाच आहे. पण जाळीवर पुन्हा तेल बसलंय, पुसायला कोणता साबण घेऊ?"